मोठं हृदय, मिटलेला वायुकोश, फुगलेली धमनी: एकच नियम, तीन वाचनं

प्रश्न: मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, आहे. लाप्लासचा नियम पुस्तकात तीन ठिकाणी येतो. हृदय मोठं झालं की भिंतीवरचा ताण वाढतो, म्हणून मोठं होणं वाईट. वायुकोश लहान झाला की मिटतो, म्हणून लहान होणं वाईट. रक्तवाहिनी फुगली की फुटते, म्हणजे पुन्हा मोठं वाईट. एकच नियम उलटसुलट कसा लागतो? आणि बीपी कमी असलेल्या पेशंटच्या हृदयावर भार जास्त आहे असं डॉक्टर म्हणतात, ते कसं?

उत्तर:

नियम उलटा होत नाही. त्यात तीन राशी आहेत: दाब, त्रिज्या आणि भिंतीतला ताण. तिन्ही ठिकाणी त्यातली वेगळी राशी बाहेरून ठरलेली असते. धमनीत दाब ठरलेला आहे, कारण तो सगळ्या रक्ताभिसरणाचा दाब आहे. वायुकोशात द्रवाच्या पृष्ठभागाचा ताण ठरलेला आहे, कारण तो त्या द्रवाचा गुणधर्म आहे. हृदयात ताण स्नायूला स्वतः निर्माण करावा लागतो आणि किती करायचा हे दाब आणि त्रिज्या मिळून ठरवतात. कोणतीही अडचण सोडवताना आधी विचारायचं, इथं कोणती राशी हातात नाही? मग मोठं वाईट की लहान वाईट हे आपोआप कळतं.

आता नियम कुठून येतो ते पाहू, कारण पाठ केलेलं सूत्र पेशंटसमोर आठवत नाही. एक पोकळ गोळा मनातल्या मनात मधोमध कापा. आतला दाब दोन्ही अर्ध्या भागांना एकमेकांपासून दूर ढकलतो. हा जोर म्हणजे दाब गुणिले कापलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. दोन अर्धे एकत्र धरून ठेवते ती फक्त कडेची भिंत. तिची लांबी म्हणजे वर्तुळाचा परिघ, आणि तो त्रिज्येच्या पटीतच वाढतो. ढकलणारा जोर वर्गाने वाढतो, धरणारी कड साध्या पटीने. म्हणून गोळा मोठा झाला की कडेच्या प्रत्येक सेंटिमीटरला जास्त ओढ सोसावी लागते. हिशेब केला तर गोळ्यासाठी ताण = दाब × त्रिज्या ÷ २ येतो. नळी उभी चिरली तर तसाच हिशेब होतो, पण ताण = दाब × त्रिज्या, दोनाने भागाकार नाही.

हा ताण भिंतीच्या जाडीवर वाटला जातो. ताणाला जाडीने भागलं की भिंतीच्या प्रत्येक भागाच्या वाट्याला किती येतं ते कळतं. त्याला मी इथं ‘भार’ म्हणते. गोळ्यासाठी भार = दाब × त्रिज्या ÷ (२ × जाडी). पुढे बहुतेक बोलणं या भाराबद्दल आहे.

सर्वात सोपी धमनी, म्हणून आधी तीच घेऊ. सायकलचा टायर एका जागी कापला गेला की तिथून ट्यूबचा फुगा बाहेर येतो. पंप मारत राहिलं तर बाकीची ट्यूब होती तशीच राहते आणि तो फुगाच वाढत जातो. ट्यूबमधला दाब सगळीकडे सारखाच असतो. फरक त्रिज्येचा आणि रबराच्या जाडीचा. जिथं त्रिज्या वाढली तिथं भार वाढला, भार वाढला म्हणून रबर ताणलं, ताणल्यामुळं ते पातळ झालं आणि त्रिज्या आणखी वाढली.

पोटातल्या महाधमनीचा व्यास सुमारे २ सेंटिमीटर असतो. म्हणजे त्रिज्या १, आणि भिंत साधारण २ मिलिमीटर धरू. वरचा दाब १२० मिमी पारा असेल तर भार १२० × १ ÷ ०.२, म्हणजे ६०० मिमी पारा. हीच धमनी फुगून व्यास ५.५ सेंटिमीटर झाला आणि भिंत दीड मिलिमीटर उरली, तर त्याच दाबाला भार १२० × २.७५ ÷ ०.१५, म्हणजे २२०० होतो. दाब एका अंकानेही बदललेला नाही आणि भार साडेतीन पटींहून जास्त. पुरुषांत व्यास ५.५ सेंटिमीटरपर्यंत पोचला की शस्त्रक्रियेचा विचार करतात, स्त्रियांत साधारण ५ ला. व्यासाला एवढं महत्त्व का, ते या गणितातून कळतं. नियमाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. केशवाहिनीची त्रिज्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात, सुमारे ४ मायक्रोमीटर. आत २५ मिमी पाऱ्याचा दाब असूनही तिच्या भिंतीवरचा ताण महाधमनीच्या सुमारे बारा हजारावा हिस्सा भरतो. म्हणून एकाच पेशीच्या जाडीची भिंत तिला पुरते.

मग प्रत्येक धमनी प्रत्येक ठोक्याला थोडी फुगते, तरी ती फुग्यासारखी वाढत का जात नाही? कारण निरोगी भिंतीत दोन प्रकारचे तंतू आहेत. इलास्टिन आधी ताणलं जातं आणि सहज मागे येतं. कोलॅजेनचे तंतू सुरुवातीला सैल, नागमोडी पडलेले असतात. भिंत थोडी ताणली की ते सरळ होतात आणि मग भिंत झपाट्यानं कडक होते. त्रिज्येमुळं जितका ताण वाढतो त्यापेक्षा भिंतीची ताकद जास्त वेगानं वाढते, म्हणून धमनी एका जागी थांबते. धमनीविस्फारात, ज्याला ॲन्युरिझम म्हणतात, हे इलास्टिन नष्ट झालेलं असतं आणि कोलॅजेनही हळूहळू झिजतं. तुमच्या भागात साठीपुढच्या, वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्या, सडपातळ पुरुषाच्या पोटावर बेंबीच्या वर हात ठेवल्यावर ठोक्याबरोबर दोन्ही बाजूंना फाकणारी गाठ लागली, तर सोनोग्राफीला पाठवा. अशा माणसाला अचानक पोटात किंवा पाठीत जोराची कळ आली आणि बीपी पडलं, तर पेनकिलर देऊन वाट पाहू नका. तिथं मिनिटं मोजायची असतात.

नियमाची मर्यादाही इथंच दिसते. खरी गाठ गोल नसते. कुठं भिंत चुन्यासारखी कडक, कुठं कागदासारखी पातळ असते. काही लहान गाठी फुटतात, काही मोठ्या वर्षानुवर्षं टिकतात. भार किती हे गणित सांगतं. तो भार त्या भिंतीला पेलेल का, हे भिंतीच्या कसावर ठरतं.

आता वायुकोश. इथं गणिताकडे उलट्या बाजूने पाहायचं. वायुकोशाच्या आत पाण्यासारख्या द्रवाचा पातळ थर असतो आणि त्याच्या पृष्ठभागाला आकसायची ओढ असते. ही ओढ द्रव कोणता त्यावर अवलंबून आहे. वायुकोश लहान असो की मोठा, साध्या द्रवाची ओढ तेवढीच राहते. तेच सूत्र फिरवून लिहिलं की वायुकोश उघडा ठेवायला लागणारा दाब = २ × ताण ÷ त्रिज्या. ताण ठरलेला, त्रिज्या खाली भाजकात. त्रिज्या निम्मी झाली की लागणारा दाब दुप्पट. म्हणून इथं लहान होणं वाईट.

नवजात बाळाच्या वायुकोशाची त्रिज्या हिशेबापुरती ५० मायक्रोमीटर धरा. द्रवाचा ताण मीटरला ५० मिलिन्यूटन असेल, म्हणजे हा ताण उतरवणारा सर्फॅक्टंट नावाचा फुफ्फुसातला पदार्थ नसेल, तर तो उघडा ठेवायला सुमारे २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब लागेल. श्वासागणिक एवढा दाब ओढणं सव्वा किलोच्या बाळाला झेपत नाही. सर्फॅक्टंट असेल तर हा ताण खूप उतरतो. आणि त्याचं खरं काम त्याहून बारीक आहे. श्वास सोडताना वायुकोश लहान होतो तेव्हा पृष्ठभागावरचे सर्फॅक्टंटचे रेणू एकमेकांजवळ दाटतात आणि ताण आणखी उतरतो, मीटरला ५ मिलिन्यूटनपर्यंत किंवा त्याहूनही खाली. तेव्हा त्याच त्रिज्येला फक्त २ सेंटिमीटर पाण्याचा दाब पुरतो. त्रिज्या घटते तेव्हा ताणही घटतो, म्हणून वायुकोश मिटत नाही. ठरलेली राशी शरीराने ठरलेली राहू दिली नाही, असं म्हणा.

मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं की श्वास न घेता आल्यामुळं दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसात हाच पदार्थ नव्हता. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा नवजात मुलगा याच आजारानं दोन दिवसांच्या आत गेला. तेव्हा जगातल्या कोणत्याच दवाखान्याकडे उपाय नव्हता. जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट बाळांना दिल्याचं १९८० मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा चित्र बदललं.

तुमच्यासाठी यातल्या दोन गोष्टी थेट कामाच्या आहेत. पहिली, अपुऱ्या दिवसांचं बाळ श्वास सोडताना कण्हतं तो आवाज. बाळ घसा अर्धवट बंद करून हवा अडवतं, म्हणजे फुफ्फुसातला दाब शून्यावर येऊ देत नाही आणि त्रिज्या एका हद्दीखाली जाऊ देत नाही. ते बाळ स्वतःच स्वतःला सीपॅप देत असतं. मशीनचा सीपॅप ५-६ सेंटिमीटर पाण्याचा दाब देऊन हेच काम करतो. म्हणून कण्हणं ऐकलं, नाकपुड्या फुलताना आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाताना दिसली, की बाळाला उबदार ठेवून तातडीनं आजारी नवजातांच्या विशेष कक्षात, म्हणजे एसएनसीयूला न्यायचं. ‘रडतंय तर बरं आहे’ असं घरचे म्हणतील. कण्हणं आणि रडणं यातला फरक त्यांना ऐकवून दाखवा. दुसरी गोष्ट, डेक्सामेथासोन. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर आईला ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत, बारा-बारा तासांनी चार डोस, अशी २०१४ पासून केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना आहे, आणि वर पाठवण्याआधी पहिला डोस एएनएमनेही द्यायचा आहे. हे औषध बाळाच्या पेशींना सर्फॅक्टंट लवकर तयार करायला लावतं. यवतमाळच्या टोकावरच्या गावातून जिल्ह्याला पोचायला लागणारे तास त्या डोसच्या खात्यात जमा होतात.

एक दुरुस्ती इथं करायलाच हवी. लहान वायुकोश आपली हवा शेजारच्या मोठ्यात ओततो, असं चित्र बऱ्याच पुस्तकांत असतं. ते दोन सुट्या बुडबुड्यांचं चित्र आहे. खरे वायुकोश सुटे नसतात. शेजाऱ्यांच्या भिंती सामाईक असतात, आणि एक मिटू लागला की आजूबाजूचे सगळे त्याची भिंत बाहेर ओढतात. निरोगी फुफ्फुस उघडं राहण्यात या ओढीचाही मोठा वाटा आहे. सर्फॅक्टंट नसेल तेव्हा ताण सगळीकडेच इतका वाढतो की शेजारीही मिटतात आणि आधार देणारं कोणी उरत नाही.

आता तुमच्या प्रश्नातला बीपीचा भाग, आणि मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो हृदयाचा भाग. हृदय ना निव्वळ नळी आहे, ना द्रवाचा थर. ते स्वतः ताण निर्माण करतं. डाव्या खालच्या कप्प्याला, म्हणजे लेफ्ट व्हेंट्रिकलला, महाधमनीचं दार उघडायचं असेल तर ठरावीक दाब तयार करावाच लागतो, आणि त्यासाठी स्नायूला किती ओढावं लागेल हे कप्प्याचा आकार ठरवतो.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण सांगते. सव्वीस वर्षांची बाई, दुसरं बाळंतपण होऊन तीन महिने झालेले. सासू घेऊन आली. सासूचं म्हणणं, “पाय सुजले जी तिचे. वेचणीले गेली का धाप लागते, अन् रात्री आडवी झाली का उठून बसते.” गावात तिला ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. हिमोग्लोबिन ९.५ होतं, म्हणजे कमी खरं, पण आडवं झोपता येऊ नये इतकं कमी नव्हे. नाडी ११८, श्वास मिनिटाला ३०, दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी कुरकुर आवाज, मानेची शीर वर आलेली. बीपी १०० वर ७०. सोबत आलेल्या एकाने मला विचारलं, बीपी तर कमीच आहे, मग हृदयावर ताण कसला?

वर्ध्याला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. निरोगी माणसाचे आकडे आधी पाहू म्हणजे तुलना कळेल. रिपोर्टवर LVIDd असतं ते कप्पा भरलेला असतानाचा व्यास, LVIDs म्हणजे आकसल्यावरचा व्यास. निरोगी कप्प्यात पहिला समजा ४.८ सेंटिमीटर, भिंत १ सेंटिमीटर. १२० च्या दाबाला भार १२० × २.४ ÷ २, म्हणजे १४४ मिमी पारा. तिचा व्यास होता ६.६, भिंत ०.८. दाब १०० च. भार १०० × ३.३ ÷ १.६, म्हणजे २०६. दाब निरोगी माणसापेक्षा वीसने कमी, आणि स्नायूवरचा भार चाळीस टक्क्यांहून जास्त. दंडाला बांधलेला पट्टा फक्त दाब सांगतो. त्रिज्या आणि जाडी त्याला दिसत नाही.

पण याहून मोठा फटका ठोका पुढे सरकतो तेव्हा बसतो, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. निरोगी कप्पा आकसताना त्याची त्रिज्या घटते आणि भिंत जाड होते. ४.८ चा व्यास ३.२ होतो, भिंत १ वरून १.४ होते. हिशेब सोपा राहावा म्हणून दाब १२० च धरला, तर ठोक्याच्या शेवटी भार १२० × १.६ ÷ २.८, म्हणजे ६९. सुरुवातीला १४४, शेवटी ६९. निरोगी हृदय काम करता करताच स्वतःचा भार निम्मा करून घेतं. तिच्या हृदयात व्यास ६.६ वरून ५.८ वरच आला आणि भिंत ०.८ वरून ०.९ झाली. शेवटचा भार १६१. ठोक्याच्या शेवटी, स्नायू थकत असताना, तिचं हृदय निरोगी हृदयाच्या दुपटीहून जास्त ओढत होतं. म्हणून ते पुरतं आकसू शकत नव्हतं, आकसत नाही म्हणून रक्त आत उरत होतं, उरलेल्या रक्तामुळं पुढच्या ठोक्याला त्रिज्या आणखी मोठी. स्नायूला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः या भारावर आणि ठोक्यांच्या संख्येवर ठरतो. भार जास्त, नाडी ११८, आणि रक्त पुढे कमी ढकललं जातंय. तिच्या हृदयाचा खर्च वाढला होता आणि कमाई घटली होती.

तुम्ही म्हणाल, फ्रँक-स्टार्लिंगच्या नियमानं ताणलेला स्नायू जास्त जोरानं आकसतो ना? खरं आहे, पण अचानक ताणला तर, आणि एका हद्दीपर्यंत. महिनोन्महिने कप्पा मोठा राहिला की स्नायूपेशी आपल्या टोकाला नवे सार्कोमिअर, म्हणजे आकसणारे सूक्ष्म घटक, जोडून लांब होतात. प्रत्येक सार्कोमिअर पुन्हा आपल्या नेहमीच्या लांबीला येतो. ताणल्याचा फायदा संपतो, त्रिज्येची किंमत मात्र तशीच राहते. एकदम पाणी चढलेल्या हृदयात आणि महिने मोठ्या झालेल्या हृदयात हा मोठा फरक आहे.

उच्च रक्तदाबाच्या पेशंटचं हृदय वेगळा मार्ग घेतं. दाब १८०, व्यास ४.८ च, पण भिंत १ वरून दीड सेंटिमीटर. भार १८० × २.४ ÷ ३, म्हणजे पुन्हा १४४. त्रिज्या तीच ठेवून जाडी दाबाच्या पटीत वाढवली की भार जागेवर येतो. ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मोजून हेच दाखवलं. याची किंमत वेगळी असते. जाड भिंत कडक होते, सैल होऊन भरायला वेळ घेते, आणि आतल्या थराला रक्त कमी पोचतं. अशा माणसाला हृदयाचा जोर चांगला असूनही दम लागू शकतो.

आता उपचार याच सूत्रात बसवून पाहा. तिला आधी फ्युरोसेमाइड दिलं. पाणी उतरलं की कप्पा कमी भरतो, त्रिज्या घटते. बीपी १०० असताना लघवीचं औषध कसं द्यायचं, ही भीती मी समजू शकते. पण तिचा कप्पा इतका भरलेला होता की थोडा रिकामा झाल्यानं पुढे जाणारं रक्त घटत नाही. शिवाय कप्पा फुगल्यामुळं मिट्रल झडपेची पाती एकमेकांपासून दूर गेलेली असतात आणि रक्त मागे गळतं. आकार कमी झाला की ती गळतीही घटते. एनालाप्रिल अगदी कमी मात्रेपासून सुरू केलं. ते दाब उतरवतं आणि पुढे कित्येक महिने कप्प्याची वाढ रोखतं. स्पायरोनोलॅक्टोन जोडलं, म्हणून पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासत राहावं लागलं. फुफ्फुसं कोरडी झाल्यावरच मेटोप्रोलॉल सुरू केलं. दम लागत असताना ते सुरू केलं असतं तर तेवढ्या भाराखाली ओढणाऱ्या स्नायूचा उरलेला जोरही गेला असता. पण कोरड्या अवस्थेत, हळूहळू वाढवत दिलं, तर ते नाडी उतरवतं आणि काही महिन्यांत कप्पा खरोखर लहान होत जातो. एनालाप्रिल घेत असताना गर्भ राहिला तर बाळाला इजा होते, आणि बाळंतपणाच्या सुमारास हृदय कमजोर होण्याच्या या आजारात पुढचं बाळंतपण तिच्या स्वतःच्या जिवालाही धोक्याचं आहे. कुटुंबनियोजनाचं बोलणं तिच्याशी आणि नवऱ्याशी पहिल्याच भेटीत केलं.

सहा महिन्यांनी तिचा इको पुन्हा केला. आता कप्पा भरलेला असताना व्यास ५.६ आणि आकसल्यावर ४.२, भिंत भरलेला असताना ०.९ आणि आकसल्यावर १.२. बीपी तेच, १०० च. सुरुवातीचा भार १५६, शेवटचा सुमारे ८८. बीपीचं यंत्र दोन्ही भेटींना सारखंच बोललं, आणि तेवढ्यात हृदयावरचा शेवटचा भार १६१ वरून ८८ वर आला होता. या आजारात सगळ्यांचं असं होतं असं नाही. काहींचं हृदय सहा महिन्यांत बरंचसं पूर्ववत होतं, काहींचं होत नाही.

हे आकडे कसे वापरायचे याबद्दल सावध राहा. कप्पा गोळा नसतो, अंड्यासारखा असतो. भिंत जाड असते आणि तिच्या आतल्या थरावर बाहेरच्यापेक्षा जास्त भार पडतो. दाब ठोक्याभर बदलत असतो. संशोधनासाठी जास्त नेमकी सूत्रं वापरतात. त्यामुळं १४४ किंवा २०६ हा एकटा आकडा कुठल्या नॉर्मलशी लावू नका. त्याच माणसाची आधीची आणि नंतरची तुलना मात्र जास्त भरवशाची असते.

आणि नियमावर जरुरीपेक्षा जास्त विसंबलं तर काय होतं, तेही घडून गेलंय. त्रिज्या हाच शत्रू असेल तर कप्प्याचा तुकडाच कापून त्रिज्या कमी करावी, असं ब्राझीलचे शल्यविशारद रँदास बतिस्ता यांनी १९९० च्या दशकात केलं. गणितानं ते बरोबर होतं आणि काही पेशंट सुरुवातीला खरंच सुधारले. पण बऱ्याच जणांचं हृदय पुन्हा फुगलं आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टिच या मोठ्या चाचणीत बायपासबरोबर कप्प्याचा आकारही शस्त्रक्रियेनं कमी केला गेला. कप्प्याचं आकारमान १९ टक्क्यांनी घटलं, नुसत्या बायपासमध्ये ६ टक्क्यांनी. तरी मृत्यू आणि हृदयासाठी पुन्हा भरती होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं. कापल्यानं त्रिज्या कमी होते, पण उरलेला स्नायू तोच आजारी असतो आणि कप्पा भरण्याची त्याची क्षमताही घटते. औषधानं लहान झालेला कप्पा आणि कापून लहान केलेला कप्पा इकोवर सारखा दिसला तरी आतून सारखा नसतो.

उपकेंद्रावर तुमच्याकडे इको नाही, पण त्रिज्येचा अंदाज देणारी एक गोष्ट आहे, वजनकाटा. अशा पेशंटचं वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर करायला सांगा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ म्हणजे पाणी साठलं. कप्पा पुन्हा भरू लागला. दम लागण्याच्या आधी हे दिसतं. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत कोणत्याही बाईला आडवं झोपता येत नसेल तर ते रक्त कमी असल्यामुळंच असं धरू नका. सिकलसेलच्या पेशंटबद्दलही हेच. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया या पट्ट्यात ते भरपूर आहेत. वर्षानुवर्षं जास्त रक्त फिरवून त्यांचं हृदयही मोठं होतं, आणि त्यांचं बीपी बहुधा कमीच असतं. बीपी कमी दिसतंय म्हणून त्यांची एनालाप्रिल किंवा फ्युरोसेमाइडची गोळी परस्पर बंद करू नका. उभं राहिल्यावर चक्कर येते का, लघवी होते का, हातपाय गार आहेत का हे पाहा. यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. काहीच नसेल तर १०० चं बीपी त्या हृदयासाठी योग्य आहे, आणि ९५ सुद्धा चालेल.